'सायकल घेतलो' चूक आणि 'सायकल विसरलो' बरोबर: मराठी विभागप्रमुखांना खुलं पत्र

प्रति,
विभागप्रमुख, मराठी विभाग

विषय: बी.ए. प्रथम वर्षासाठी पंधरा तासिकांचा व्याकरण सेतू अभ्यासक्रम

आदरणीय मॅडम,
सप्रेम नमस्कार.

परवाच्या बैठकीत उत्तरपत्रिकांचा विषय निघाला तेव्हा तुम्ही म्हणालात, "पोरांचं व्याकरण कच्चं आहे असं सगळेच म्हणतात, पण नेमकं काय कच्चं आहे ते कुणी सांगत नाही." तेव्हा मी गप्प बसलो, कारण उत्तर दोन वाक्यांत मावणारं नव्हतं. ते आता सविस्तर लिहितो. हा ईमेल विभागातल्या सगळ्या सहकाऱ्यांना पाठवतो आहे आणि आजूबाजूच्या महाविद्यालयांत मराठी शिकवणाऱ्या मित्रांसाठीही खुला ठेवतो आहे. उदगीर, देवणी, निलंगा, उमरगा, देगलूर या कर्नाटक-तेलंगणा सीमेलगतच्या पट्ट्यात जो कुणी मराठी शिकवतो त्याच्या टेबलावर हेच कागद येऊन पडतात.

माझं म्हणणं असं आहे. आपली मुलं निष्काळजीपणे चुका करतात असं आपण धरून चालतो. त्यांची सगळ्यात जास्त वेळा होणारी चूक मात्र निष्काळजीपणाची नाही. ती एका पक्क्या नियमाने होते. तो नियम त्यांच्या घरच्या बोलीचा आहे आणि प्रमाण मराठीच्या नियमाशी तो एकाच जागी अडखळतो. ती जागा म्हणजे 'मी'ने सुरू होणारं, भूतकाळातलं, कर्म असलेलं वाक्य. शाळेपासून आपल्यापर्यंत कुणीही नेमक्या त्या जागेवर बोट ठेवत नाही.

एक कागद समोर ठेवतो. गेल्या वर्षी मी वर्गाला पंधरा मिनिटं देऊन 'सुट्टीत मी काय काय केलं' यावर लिहायला सांगितलं होतं. सीमेजवळच्या एका गावाहून येणाऱ्या, पहिल्या बाकावर बसणाऱ्या मुलाने लिहिलं:

"बारावीची परीक्षा दिलो. मग मामाच्या गावाला गेलो. तिथं पोहायला शिकलो. मामाला पेरणीत मदत केलो. एक जुनी सायकल घेतलो. रोज विहीरीवरून पाणी आणलो. एक दिवस सायकल विहीरीपाशीच विसरलो."

सात वाक्यं. लाल पेन घेतला तर परीक्षा 'दिली', मदत 'केली', सायकल 'घेतली' आणि पाणी 'आणले' अशा चार दुरुस्त्या होतात. गेलो, शिकलो, विसरलो ही तीन जशीच्या तशी राहतात. आता हा कागद त्या मुलाच्या नजरेने बघा. 'सायकल घेतलो' चूक आणि 'सायकल विसरलो' बरोबर. मी तोच, सायकल तीच, काळ तोच. मग सरांनी एकावर गोल का केला आणि दुसऱ्यावर का नाही? त्याला यात काही नियम दिसत नाही, सरांची मर्जी दिसते. तो पुढच्या कागदावर अंदाजाने लिहितो आणि आपण म्हणतो, सांगूनही सुधारत नाही.

त्याच्याकडे नियम आहे, आणि त्याने तो सातही वेळा न चुकता पाळला आहे: काम मी केलं, तर क्रियापद माझ्यामागे चालणार. पुरुष असेल तर शेवटी 'लो'. याला अपवाद नाही. प्रमाण मराठीचा नियम वेगळा आहे. 'ला' प्रत्ययाच्या भूतकाळात क्रियापदाला कर्म असेल, तर क्रियापद करणाऱ्याला सोडून कर्मामागे जातं. सायकल घेतली, टीव्ही घेतला, घर घेतले. करणारा मग 'ने' लावून बाजूला उभा राहतो: त्याने, तिने, मामाने. आणि विसरणे, शिकणे, पिणे, भेटणे, नेसणे, म्हणणे अशी मोजकी क्रियापदं मात्र कर्म असूनही करणाऱ्याला सोडत नाहीत.

खरी अडचण त्या 'ने'मध्ये आहे. 'तो' आणि 'त्याने' हा फरक कानाला ऐकू येतो. पण मी, आम्ही, तू, तुम्ही या चौघांना प्रमाण मराठीत असा 'ने' लागतच नाही. 'मी गेलो' मधला मी आणि 'मी सायकल घेतली' मधला मी दिसायला सारखाच. जुन्या मराठीत इथे 'म्यां' आणि 'त्वां' अशी वेगळी रूपं होती, गावाकडच्या म्हाताऱ्या माणसांच्या तोंडी अजूनही 'म्या' ऐकू येतं. प्रमाण भाषेतून ती खूण पुसली गेली आणि नियम तेवढा मागे राहिला. खूण नसलेल्या नियमाला बोली आपल्या सोयीने सरळ करून घेते, आणि आपल्या भागात तर त्याला शेजारच्या भाषांचाही आधार आहे. कन्नडमध्ये 'मी काम केलं' हे 'नानु केलस माडिदे' असं होतं. तो असेल तर 'माडिदनु', ती असेल तर 'माडिदळु'. काम कोणतंही असो, क्रियापद बघतं ते करणाऱ्याकडे. तेलुगूतही 'नेनु पनि चेसानु' हे करणाऱ्याप्रमाणेच चालतं. आपल्याकडची दखनी बोलणारी मुलं 'मैंने रोटी खाई' न म्हणता 'मैं रोटी खाया' म्हणतात. 1948 पर्यंत हैदराबाद संस्थानात मराठी, कन्नड, तेलुगू आणि उर्दू एकाच राज्यात, एकाच बाजारात बोलल्या जात होत्या, आणि बिदरकडच्या सोयरिकी आजही तुटलेल्या नाहीत. आपल्या मुलांच्या 'केलो' मागे एवढं सगळं उभं आहे. त्याला 'अशुद्ध' हा एक शब्द पुरत नाही.

आता मुलींचा कागद. याच्यावरून मी स्वतः बरीच वर्षं फसत आलो, म्हणून तो मुद्दाम मांडतो. एका मुलीने लिहिलं:

"मी काल पहाटे उठले. पाणी भरले. अंगण झाडले. रांगोळी काढले. स्वयंपाक केले. कॉलेजला आले."

तपासायला घेतलं की रांगोळी 'काढली' आणि स्वयंपाक 'केला' या दोनच दुरुस्त्या निघतात. मुलीला बरंच येतं, दोन ठिकाणी घसरली, असा शेरा आपण मारतो. पण पाणी आणि अंगण हे दोन्ही शब्द नपुंसकलिंगी आहेत आणि लेखी मराठीत नपुंसकलिंगाचं 'भरले' आणि बाईच्या तोंडचं 'मी आले' दोन्ही 'ले'नेच संपतात. तिने पाण्याकडे बघून 'भरले' लिहिलं की स्वतःकडे बघून, हे कागदावरून कळत नाही. मी तिला तोच कागद वाचून दाखवायला सांगितला. प्रमाण बोलणारी मुलगी इथे 'उठले' म्हणेल, पण 'पाणी भरलं', 'अंगण झाडलं' असं अनुस्वाराने वाचेल. हिने सहाही ठिकाणी स्वच्छ 'ले' म्हटलं. म्हणजे तिचाही नियम त्या मुलाचाच होता. दोन वाक्यं केवळ योगायोगाने बरोबर आली होती, आणि आपल्या तपासणीत मुली मुलांपेक्षा 'शुद्ध' ठरतात त्यात या योगायोगाचा मोठा हात आहे. म्हणून चाचणीत पुल्लिंगी आणि स्त्रीलिंगी कर्माची वाक्यं हवीतच: अभ्यास, चहा, डबा, भाकरी, वही, फी. 'काम केले' वरून काहीच सिद्ध होत नाही.

तुम्ही विचाराल, मुलं दहावीपर्यंत प्रयोग शिकून येतात ना? येतात. तलाठी भरतीची तयारी करणारी मुलं तर 'प्रयोग ओळखा' हा प्रश्न झोपेतही सोडवतात. 'रामाने आंबा खाल्ला', उत्तर कर्मणी. कसं ओळखलं, असं विचारलं की सांगतात, "सर, 'ने' दिसला." मी फळ्यावर 'मी आंबा खाल्ला' असं लिहिलं आणि विचारलं. वर्गातून मोठ्याने उत्तर आलं, "कर्तरी!" कारण 'मी'ला प्रत्यय दिसत नाही. पुस्तकातली उदाहरणं राम आणि सीतेची, आणि मुलाला लिहायचं असतं स्वतःबद्दल. मुलाखतीत, अर्जात, प्रकल्पाच्या अहवालात, क्षेत्रभेटीच्या टिपणात सगळीकडे 'मी' आणि 'आम्ही'. राम कुठेच येत नाही. आपण शिकवतो एक वाक्य आणि त्यांना लागतं दुसरं.

इथे स्वतःचं थोडं सांगतो. मी याच भागातला. एम.ए.ला बाहेर गेलो तेव्हा पहिल्याच आठवड्यात चर्चेत उभा राहून म्हणालो, "मी ही कादंबरी दोनदा वाचलो." वर्ग हसला. माझ्या मुद्द्याकडे कुणाचं लक्ष गेलं नाही. चूक काय झाली ते कुणी सांगितलं नाही आणि विचारायची माझी हिंमत झाली नाही. त्यानंतर कितीतरी महिने मी वर्गात बोलायचं टाळलं. 'मी'च्या मागे एक 'ने' लपलेला असतो, एवढं एक वाक्य मला कुणी बारावीनंतर सांगितलं असतं तर ते महिने वाचले असते. आपल्या मुलांना ते पहिल्या तीन आठवड्यांत सांगावं, यासाठी हा खटाटोप आहे.

अभ्यासक्रम मी पंधरा तासिकांचा मांडला आहे. पहिले तीन आठवडे, रोज एक. पहिल्या दिवशी फक्त लिहून घ्यायचं, तपासून परत द्यायचं नाही. विषय मात्र विचार करून द्यायला हवा. 'माझा आवडता सण' दिला तर मुलं 'आम्ही पुरणपोळी करतो, बैल सजवतो' असं वर्तमानकाळात लिहितात आणि चूक समोरच येत नाही. 'काल सकाळपासून मी काय काय केलं' हा विषय दिला की प्रत्येक ओळीत 'मी', भूतकाळ आणि कर्म आपोआप येतं. शेवटच्या दिवशी असाच दुसरा विषय द्यायचा, समजा 'बाजारच्या दिवशी मी काय काय घेतलं'. दोन्ही कागदांत 'मी' किंवा 'आम्ही' असलेली कर्माची वाक्यं मोजायची आणि त्यांतली किती बरोबर ते बघायचं. गुण द्यायचे नाहीत.

मधल्या दिवसांत सगळ्यात आधी एकच गोष्ट शिकवायची. तिला मी वर्गात 'तो-कसोटी' म्हणतो. वाक्यातला 'मी' बोटाने झाकायचा आणि तिथे 'तो' ठेवून वाक्य मोठ्याने म्हणायचं. 'तो मामाच्या गावाला गेला.' ठीक वाटतं, 'ने' मागत नाही, म्हणून 'मी गेलो'. 'तो सायकल विसरला.' हेही ठीक, म्हणून 'मी विसरलो'. 'तो सायकल घेतला.' इथे कान अडतो, आपण 'त्याने सायकल घेतली' म्हणतो. 'ने' आला, म्हणजे क्रियापद सायकलीचं झालं. आता बोट काढायचं, 'मी' परत ठेवायचा आणि क्रियापदाला हात लावायचा नाही: 'मी सायकल घेतली'. मुलींनी 'ती' आणि 'तिने' घेऊन हेच करायचं. 'तिने स्वयंपाक केला', म्हणून 'मी स्वयंपाक केला'. यात 'सकर्मक', 'कर्मणी' हे शब्द लागतच नाहीत. ते पाचव्या-सहाव्या दिवशी, मुलांच्या हाताला सवय लागल्यावर सांगितले की चिकटतात. म्हणणे आणि म्हटणे ही जोडी तर फार उपयोगी पडते. अर्थ एकच, पण 'तो म्हणाला' आणि 'त्याने म्हटले'. म्हणून 'मी म्हणालो' आणि 'मी म्हटले' दोन्ही बरोबर. ही जोडी समजली की नियम अर्थावर ठरत नाही, क्रियापदावर ठरतो, हे मुलांच्या लक्षात येतं.

ही कसोटी सगळ्यांना चालत नाही, हेही प्रामाणिकपणे सांगायला हवं. अगदी सीमेवरच्या काही गावांतली मुलं 'तो सायकल घेतला' असंच बोलतात. त्यांचा कान अडतच नाही, मग कसोटी काय करणार? अशी मुलं पहिल्या दोन दिवसांत ओळखू येतात, कारण ती 'त्याने' लिहून पुढे गोंधळतात किंवा 'ने' सोडूनच देतात. त्यांच्यासाठी उलटा रस्ता आहे. करणाऱ्यामागे जाणारी दहाबारा क्रियापदं पाठच करायची: शिकणे, विसरणे, पिणे, भेटणे, बोलणे, म्हणणे, नेसणे, मुकणे, रस्ता चुकणे अशी. बाकी कुठल्याही क्रियापदापुढे 'काय?' विचारायचं आणि जे उत्तर येईल त्याच्यामागे क्रियापद न्यायचं. काय घेतलं? सायकल. ती सायकल, म्हणून घेतली. हे हळू चालतं आणि मुलं कंटाळतात, पण दुसरा आठवडा संपेपर्यंत हातात बसतं. म्हणूनच मी वर्गाचे दोन गट मागतो आहे. साठ जणांत ही आठदहा मुलं हरवून जातात.

तासिका पंधराच का, दोन दिवसांची कार्यशाळा का नको, याचं उत्तर मला गेल्या वर्षीच्या रिकाम्या तासांनी दिलं. मी तेव्हा चार-पाच तास हे शिकवून पाहिलं होतं. तिसऱ्या-चौथ्या तासाला एक विचित्र गोष्ट घडली. ज्या मुलाने आधी 'गेलो, शिकलो, विसरलो' अचूक लिहिलं होतं, तो आता 'मी पोहायला शिकले', 'मी मित्राला भेटले' लिहायला लागला. मुलगा असून 'भेटले'! त्याने एवढंच घेतलं होतं की 'लो' लिहिलं की सर गोल करतात. म्हणून त्याने 'लो' सगळीकडूनच काढून टाकला. त्यावेळी मी घाबरलो, पण आता वाटतं की ही मधली पायरी आहे. मूल जुना नियम सोडतं आणि नवा अजून हातात आलेला नसतो. या पायरीवर त्याला सोडून दिलं तर आधीपेक्षा वाईट होतं, कारण आधी निदान निम्मी वाक्यं बरोबर होती. माझे तास संपले आणि काही मुलं त्या पायरीवरच राहिली. त्याचं मला फार वाईट वाटतं. दुसरा आठवडा अख्खा 'शिकलो, विसरलो, भेटलो' परत मिळवण्यासाठी हवा.

त्याच आठवड्यात विभक्तीचा 'ला' येतो. 'मी विहीर पाहिली', पण 'मी मामाला पाहिले'. कर्माला 'ला' लागला की क्रियापद त्याचाही नाद सोडतं आणि नपुंसकलिंगात जाऊन उभं राहतं. मामा असो, मामी असो की मुलं असोत, 'पाहिले'च. मात्र 'मी बहिणीला साडी दिली' मध्ये 'ला' नसलेलं कर्म साडी आहे, म्हणून 'दिली'. आणि 'मी मामाला भेटलो' तर भेटणे हे आपल्या पाठ केलेल्या यादीतलं. ही चार वाक्यं फळ्यावर शेजारीशेजारी लिहून दोन तास फक्त त्यांच्यावर घालवायचे, असं मी ठरवलं आहे. 'तू आंबा खाल्लास, तू भाकरी खाल्लीस' याला मी शेवटी अर्धाच तास देईन. तिथे क्रियापद आंब्याचंही ऐकतं आणि 'स' लावून 'तू'चंही. मुलांना ते ऐकायला आवडतं, पण लिहिण्यात फारसं लागत नाही.

तिसऱ्या आठवड्यातले तीन तास सामान्यरूपाच्या ऱ्हस्व-दीर्घासाठी आहेत. वरच्या कागदात 'विहीरीवरून' आहे, ते 'विहिरीवरून' हवं. 1962 च्या शुद्धलेखनाच्या नियमांतला हा भाग एका दमात सांगता येतो: मराठी शब्दाच्या शेवटून दुसऱ्या अक्षरातला दीर्घ ई-ऊ सामान्यरूपात ऱ्हस्व होतो. मूल, मुलाला. चूल, चुलीपाशी. वकील, वकिलाकडे. संस्कृतातून जसेच्या तसे आलेले शब्द मात्र बदलत नाहीत: शरीराला, परीक्षेला, सूत्राने. बाकी शुद्धलेखन मी मुद्दाम सोडलं आहे. समास, अलंकार, वृत्तं यांना तर हातही लावणार नाही. ते आपल्या अभ्यासक्रमात पुढे आहेतच.

दोन आक्षेप येतील हे मला माहीत आहे. आपल्यातल्या एका ज्येष्ठ सरांनी मागे म्हटलं होतं की हे शाळेचं काम आहे, आपण साहित्य शिकवायचं. सरांबद्दल मला आदर आहे. पण मुलाने कवितेवर मनापासून लिहिलेलं उत्तर 'मी ही कविता वाचलो' या पहिल्या ओळीलाच परीक्षकाच्या मनातून उतरतं, हे आपण सगळ्यांनी पाहिलं आहे. दुसरा आक्षेप बोलीचा, आणि तो मला जास्त महत्त्वाचा वाटतो. आपण मुलांना त्यांच्या आईची भाषा चूक आहे असं सांगणार का? नाही. पहिल्याच तासाला मी फळ्याचे दोन भाग करणार आहे, एकावर 'घरी' आणि दुसऱ्यावर 'कागदावर'. 'मी सायकल घेतलो' घरीच्या बाजूला राहील आणि पुसलं जाणार नाही. त्याच्याखाली त्याचा नियम लिहू, कन्नडचं वाक्य लिहू. सीमेकडच्या मुलांपैकी ज्यांना कन्नड किंवा तेलुगू येतं त्यांना उठवून त्यांच्याकडून ती वाक्यं घेऊ. त्या दिवशी वर्गात सगळ्यात जास्त माहिती त्यांच्याकडे असेल.

यासाठी क्रेडिट नको, परीक्षाही नको. गुण जोडले की तीन दिवसांत हे पुन्हा 'प्रयोग ओळखा' होऊन बसेल.

मला तुमच्याकडून तीन गोष्टींची परवानगी हवी आहे. वेळापत्रकातल्या आपल्याच मराठीच्या तासांतून ही पंधरा तासिका घेऊ द्याव्यात. कॉलेज सुटल्यावर तास ठेवला तर एस.टी.ने ये-जा करणारी मुलं निघून जातात, आणि ज्यांना हे सगळ्यात जास्त लागतं ती नेमकी तीच मुलं आहेत. सकाळी लवकर ठेवला तर पहिली गाडी पोचलेली नसते. दुसरं, दोन गटांसाठी एक सहकारी हवा. मी टाचणं आणि रोजची वाक्यं लिहून देईन, कन्नड येणारं कुणी मिळालं तर फारच बरं. तिसरं, सुरुवात प्रवेश संपल्यावर करावी. प्रवेश ऑगस्टपर्यंत रेंगाळतात, आणि मागून येणारी मुलं बहुतेक वेळा शेतातल्या कामामुळे अडकलेली असतात. पोळ्याच्या आसपास हजेरी पुन्हा पडते, म्हणून मधले तीन आठवडे धरले तर वर्ग भरलेला मिळेल. खर्च म्हणाल तर झेरॉक्सचा तेवढा, आणि तो मी करीन.

पहिल्या आणि शेवटच्या दिवसाचे कागद मी विभागात जमा करीन, नावं झाकून. सत्र परीक्षेच्या उत्तरपत्रिका आल्या की त्याच मुलांची 'मी'ची वाक्यं पुन्हा मोजू. मुलांना आधी सांगायचं नाही. तेव्हा फरक दिसला नाही तर पुढच्या वर्षी हे तास मी स्वतःहून परत करीन.

सोमवारी दुसऱ्या तासानंतर मी मोकळा आहे. वर लिहिलेले दोन्ही कागद घेऊन येतो. त्या मुलीच्या कागदावर मी अजून लाल पेन लावलेला नाही. तो तुम्ही आधी तपासून बघावा अशी विनंती आहे.

आपला,
मराठी विभागातील सहायक प्राध्यापक